पुरावा कुठाय?

पनवेलच्या हॉस्पिटलच्या वॉर्डात आम्हाला नर्सिंग शिकवणाऱ्या अबीगेल मॅडम माझ्यावर खेकसल्या, “चारुता, ‘पडण्याचा धोका, अशक्तपणामुळे’ इथे थांबायचं! पुढे ‘पुरावा: अजून पडलेले नाहीत’ कशाला? धोक्याला पुरावा नसतो. प्रत्यक्ष, धोका, वेलनेस, पेशंटची तिन्ही नर्सिंग निदानं पुन्हा लिही!”

असली चिडले! पेशंट सोडून त्यांच्यावरच लिहिलं.

प्रत्यक्ष: घसादुखी, सततच्या ओरडण्यामुळे, पुरावा: बसलेला आवाज, “घसा दुखतोय” अशी स्वतःची तक्रार.

धोका: एकटं पडण्याचा, सगळ्यांवर डाफरल्यामुळे.

वेलनेस मात्र स्वतःचं लिहिलं: चारुताची ज्ञान वाढवण्याची तयारी.

मॅडमनी गालातल्या गालात हसत पहिल्या दोन्हींवर बरोबरची खूण केली. तिसऱ्यापुढे लाल शाईत लिहिलं: “इथे पुरावा लागतो. मला तरी दिसला नाही.”