स्वतःची सायकल असलेला माणूस

राधाकृष्ण शेठच्या दुकानाच्या दारावर पाटी लागली, तेव्हा सत्तारच्या घरचा माग दोन महिने बंद होता. लढाईमुळे सूत मिळत नव्हतं. पाटीवर खडूनं लिहिलं होतं: ‘घरपोच किराणा पोचवायला दोन माणसं पाहिजेत. हद्द माळीवाडा ते भिंगार कँप. सकाळी सात ते अकरा किंवा दुपारी चार ते आठ. महिना अठरा रुपये, कँपाच्या खेपेला वर एक आणा. स्वतःची सायकल, मागं कॅरिअर, दिवा आणि म्युनसिपाल्टीचा बिल्ला पाहिजे.’

सत्तारकडं सायकल होती. शेठनं टायर दाबून पाहिले, बिल्ला पाहिला आणि म्हणाले, “सकाळची पाळी तुझी.”

पाटीच्या खालीच भीमा हमाल बसला होता. आजवर कँपाचा माल त्याच्याच डोक्यावरून जायचा. त्याला वाचता येत नव्हतं. पण सत्तारच्या कॅरिअरवर डाळीचं पोतं चढलं आणि शेठनं आपल्याला हाक मारली नाही, एवढं त्याला पुरलं.

भिंगारच्या रस्त्यावर, नाल्याच्या उतारावर तो दांडकं घेऊन आडवा आला.

“उतर!”

सत्तार उतरायच्या आत दांडकं मनगटावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज त्यानं स्वतः ऐकला. सायकल कलंडली, पोतं फाटलं, डाळ मातीत सांडली. भीमा मागच्या चाकावर दांडकं घालू लागला. चाकाचा एकेक आरा तुटत होता.

माग गेला, आता हेही. सत्तारनं डाव्या हातानं सायकलचा लोखंडी पंप उपसला आणि भीमाच्या तोंडावर हाणला. एकदा, दोनदा. भीमा गुडघ्यावर आला तरी तो मारतच राहिला. डोळ्याच्या वर कातडं फाटलं, रक्त दाढीवरून खाली गळू लागलं.

“मार,” भीमा तोंडातलं रक्त थुंकत म्हणाला. “मारून टाक. तसंबी आता आमी खानार काय?”

सत्तारचा हात वरच राहिला. मग त्यानं पंप खाली टाकला.

दुकानात त्यानं सांगितलं, “उतारावर पडलो.” शेठनं मोडका हात पाहिला, वाकडं चाक पाहिलं आणि डाळीचे पैसे पगारातून कापीन म्हणाले. “उद्या सातला गाडी आली न्हाई तर दुसरा माणूस घेईन.”

सत्तार तसाच भीमाच्या दारात गेला. भीमाची बायको कडूबाई त्याला पाहून किंचाळली. भीमानं कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलली.

“ठेव ती,” सत्तार म्हणाला. “माझा हात तू मोडलास. उद्यापासून माझी गाडी तू ढकलशील. गाडी माझी, पाय तुझे. मिळंल ते निम्मं निम्मं.”

“आन् चाक?”

“ते तूच नीट करून आणायचं. आजच.”

भीमानं कुऱ्हाड खाली ठेवायला फार वेळ लावला.

सकाळी सातला दोघं दुकानापुढं उभे होते. भीमाचा एक डोळा पार मिटला होता. शेठ काही बोलायच्या आत त्यानं पोतं उचलून कॅरिअरवर टाकलं.

भीमा गाडी ढकलत कँपाकडं निघाला, सत्तार शेजारून चालला. नाल्याचा उतार आला तेव्हा सत्तारनं नकळत मोडका हात पोटाशी धरला. भीमानं ते पाहिलं आणि गाडी सावकाश उतरवली.