हिरव्या बटणाचे चारशे चाळीस

इंग्लंडात शनिवारी दुपारी तीनचे फुटबॉल सामने टीव्हीवर दाखवत नाहीत, त्यामुळे आमच्या बँडच्या क्लबात सगळे ईनिडच्या फोनला चिकटले होते. खिडकीमागेच मैदान. आरडाओरडा थेट कानावर येई, पण मधल्या उंच भिंतीमुळे दिसत काहीच नसे.

ईनिड आमच्या ब्रास बँडची खजिनदार. तिने स्वतःच्या आठ पौंडांची चार संघांवर मिळून एक पैज लावली होती. चारही जिंकले तर सहाशे परत. तीन जिंकून मोकळे झाले होते. चौथा आमचाच गावचा संघ, सत्त्याहत्तराव्या मिनिटाला एक-शून्यने पुढे.

आणि आम्हाला हवे होते चारशे सत्तर. व्हिट फ्रायडेला, म्हणजे सणाच्या शुक्रवारी, दरवर्षी होणाऱ्या बँड-स्पर्धेची बस. बसवाल्या ट्रेव्हरने बजावलं होतं, आज पाचच्या आत पैसे नाहीत तर बस पलीकडच्या गावच्या बँडला. मोठा ढोल वाजवणाऱ्या क्लेमची ती साठावी स्पर्धा, आणि ती हुकली असती तर म्हातारा पुन्हा ढोलाला हात लावणार नव्हता.

फोनवर हिरवं बटण चमकत होतं. कॅश-आउट, म्हणजे सामना संपायच्या आत पैज कंपनीलाच विकून मोकळं व्हायचं. चारशे चाळीस पौंड.

"दाबते बाई," ईनिड म्हणाली. "वरचे तीस मी घालते."

"हात मागे घे!" मी ओरडलो. तेरा वर्षं लीड्समधल्या एका पैजकंपनीत चालू सामन्यांचे भाव लावण्यात गेली माझी. ते बटण पाहिलं की अजून डोकं फिरतं. "याच कंपनीचा आपल्या विजयाचा भाव बघ. एका पौंडाला एक पौंड अठरा पेन्स. त्या भावाने तुझ्या सहाशेचे आत्ता पाचशे आठ होतात. त्या भावात कंपनीचा नफा आधीच आहे, आणि बटणावर आणखी अडुसष्ट कापतेय."

"मग काय करू, रॉली? देवाचा धावा?"

"आपण जिंकणार नाही, यावर एकशे वीस लाव. बरोबरी किंवा हार, एकाला पाच परत. आपण जिंकलो तर पहिल्या पैजेचे सहाशे, नाही जिंकलो तर दुसरीचे सहाशे. एकशे वीस वजा कर. काहीही होवो, चारशे ऐंशी."

क्लेम लाल झाला. "आपल्याच पोरांच्या विरुद्ध पैज? लाज आहे का?"

"बस हवी का अब्रू?" ईनिडने विचारलं. आपलं पेन्शन ती पणाला लावेना, म्हणून वर्गणीसाठी टोपी फिरली. नोटा-नाणी मिळून एकशे वीस जमले. ते पर्समध्ये ठेवून तिने स्वतःच्या कार्डावरून तेवढेच पैजेच्या खात्यात टाकले.

इतक्यात खिडकीतून मोठ्ठा 'ओऽऽ' आला. मैदान घाबरलं होतं. फोनवर अजून सगळं शांत.

"आत्ता दाब! त्यांना कळायच्या आत!" क्लेमची अब्रू कुठल्या कुठे गेली. त्याने ईनिडच्या बोटावर बोट ठेवून दाबलंच.

चक्र फिरू लागलं. एक, दोन, तीन... सहाव्या सेकंदाला उत्तर आलं: भाव बंद, पैज नामंजूर. समोरच्या संघाला कॉर्नर मिळाला होता.

"हे सहा सेकंद तुझ्यासारख्या कानवाल्यांसाठीच ठेवलेत, क्लेम," मी म्हणालो. "तेवढ्यात गोल होतोय का ते बघूनच पैज घेतात. कॉर्नर जाऊ दे. खेळ शांत असताना लाव."

कॉर्नर गेला, आमच्या गोलीने चेंडू धरला. भाव परत उघडला, पाचच. ईनिडने दाबलं. चक्र पुन्हा फिरू लागलं, आणि पंधरा माणसं फोनवर वाकली.

मंजूर!

मग मात्र धमाल. कोण जिंकतंय याची चिंता फक्त प्रेमापोटी उरली होती, आणि तसा सामना आम्ही वर्षानुवर्षं ऐकला नव्हता. बिअर आली, डुकराच्या कातडीचे कुरकुरीत तुकडे आले.

जादा वेळेच्या चौथ्या मिनिटाला खिडकीबाहेर सगळं चिडीचूप झालं, आणि दूरच्या एका कोपऱ्यातून पाहुण्या संघाच्या लोकांचा जल्लोष आला. बरोबरी. पहिली पैज गेली.

दुसरीचे सहाशे खात्यात आले. एकशे वीस टोपीत परत गेले. ईनिडने ट्रेव्हरला फोन लावला. "पैसे धाडतेय. बस आमची. आणि ढोलाला एक सीट जादा धर."

क्लेम डोळे पुसत होता.

"बसमुळे रडतोयस का रे?" मी विचारलं.

"बस कसली! शेवटच्या मिनिटाला गोल खाल्ला मेल्यांनी!" तो म्हणाला, आणि रडता रडताच कोपऱ्यातल्या ढोलाचे पट्टे खांद्यावर चढवू लागला.