घरच्या घरी रोमिंग

मोबाईल कंपनीच्या दुकानात ती टोकनचे नंबर पुकारायची, म्हणून तिला सगळे टोकनबाई म्हणत. सकाळपासून बोलून बोलून घशाला कोरड पडली होती. त्यात त्रेसष्ट नंबरच्या आजोबांनी काउंटरवर फोन आपटला.

"घरात बसलो की फोनवर वर रोमिंगचा आर दिसतो. मी गाव सोडून कुठं गेलोय का?"

ही तक्रार तिने आठवड्यात दहादा ऐकली होती. तरी तिने पत्ता विचारला आणि पुन्हा तेच पुराण लावलं.

"तुमच्या भागातला आपला टॉवर बंद केलाय, आजोबा. तिथं दुसऱ्या कंपनीशी करार आहे, तिच्या टॉवरवर आपले फोन चालतात. तुमच्या सिममध्ये आपल्या कंपनीचा नंबर असतो, तिथला टॉवर त्याच्या कंपनीचा नंबर सांगतो. दोन्ही जुळले नाहीत की फोन आर दाखवतो. तुम्ही कुठं आहात हे त्याला कळत नाही, टॉवर कुणाचा एवढंच कळतं. इथं आपलाच टॉवर आहे, बघा, आर नाही. घरी इंटरनेट हवं असेल तर डेटा रोमिंग चालू ठेवा."

"इंटरनेट गेलं खड्ड्यात. आलेला फोन उचलला तर पैसे किती जातात?"

"एक पैसा नाही."

"मी ट्रकवर होतो तेव्हा जायचे. घरून फोन आला की मी कापायचो. कापला म्हणजे मी खुशाल आहे, हे बायकोला ठाऊक होतं."

"आणि आता कोणाचे कापता?"

"पोरीचे. संध्याकाळी करायची, तेव्हा मी घरी. चार महिने कापले." ते काउंटरवरच्या फोनकडे बघत म्हणाले, "तिच्या आईनं तिला ते सांगितलं नसेल बहुतेक. आता तिचा फोनच येत नाही."

बायको हयात आहे का, हे टोकनबाईने विचारलं नाही. तिला म्हाताऱ्याचा रागही आला आणि कीवही. एका अक्षरापायी चार महिने! कुणाला तरी आधी विचारायला काय झालं होतं?

"आत्ता लावा," ती म्हणाली.

"ती रागावली असेल."

"असू दे. लावा."

त्यांच्या जाड बोटाला नाव सापडेना, तेव्हा तिनेच लावून स्पीकर चालू केला. दुसऱ्याच रिंगला पलीकडून बाईचा घाबरलेला आवाज आला.

"हॅलो? कोण बोलतंय? बाबा स्वतः कधी फोन करत नाहीत, त्यांचा फोन तुमच्याकडे कसा? काय झालं त्यांना?"

आजोबांनी फोन दोन्ही हातांनी तोंडाजवळ ओढला.

"सांगा ना हो, कुठल्या हॉस्पिटलात आहेत?"