ज्याची सवलत त्याच्या वाट्यातून

गणिताच्या सरांना पोरं मागून ‘त्रिकोण’ म्हणायची. सरांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. क्लासमध्ये त्यांना पगार नव्हता, वाटा होता. महिन्याला जमलेल्या गणिताच्या फीमधले चाळीस टक्के क्लासचे, साठ टक्के सरांचे. जागा, वीज, जाहिराती, खडू हे सगळं क्लासने आपल्या चाळीसमधून बघायचं. चाळीस पोरं, प्रत्येकी दीड हजार, म्हणजे साठ हजार. त्यातले छत्तीस हजार सरांचे. कागदावर कसं अगदी झकास!

पण क्लासचा मालक पडला दिलदार. कुणी पालक दारात उभा राहून जरा गोड बोलला की साहेब विरघळायचे. “तुमच्याकडून पूर्ण फी घेऊ? छे छे! अर्धी द्या.” अशी बारा पोरं अर्ध्या फीत होती. मालकाचा भाचा आणि साडूची मुलगी तर फुकटातच. पालक मालकाचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवायचे. आणि या दिलदारपणाचा साठ टक्के भार कोण उचलत होतं? त्रिकोण! कारण वाटा जमलेल्या फीवर.

काउंटरवरच्या ताईने हिशोब आधीच सरांच्या कानात सांगितला. “अठ्ठेचाळीस हजार जमतायत, सर. तुमचे अठ्ठावीस हजार आठशे.”

सरांचं बायकोशी ठरलं होतं, या महिन्यात तीस हजारांच्या खाली आलं तर शिकवणं बंद. एक तारखेपासून मेव्हण्याच्या टाइल्सच्या दुकानात बसायचं. मेव्हण्याने त्यांच्यासाठी खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती, मेला.

मालकाशी वाद घालून उपयोग नव्हता. “अहो सर, सवलत म्हणजे दोघांचं पुण्य!” हे त्याचं ठरलेलं उत्तर. सरांनी रात्रभर डोकं खाजवलं आणि सकाळी शीळ घालत क्लासला आले.

त्या दिवशी मालकाचा कट्टर वैरी असलेल्या समोरच्या क्लासवाल्याची मुलगी फी भरायला आली. हो, समोरच्याचीच! बापाच्या क्लासला गणिताचा मास्तर टिकत नव्हता, म्हणून ती गुपचूप इकडे यायची, आणि तिच्याकडून दीड हजार घेताना मालकाला कोण आनंद व्हायचा. सर काउंटरवर गेले आणि मालकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “ताई, हिची या महिन्याची फी माफ. पोरगी हुशार आहे.”

मालक केबिनमधून अक्षरशः उडी मारून बाहेर आला.

“माफ? त्या नालायकाच्या पोरीची? कुणाला विचारून?”

“साहेब, सवलत म्हणजे दोघांचं पुण्य.”

“पुण्य गेलं खड्ड्यात! तुम्ही दिलीत, तुम्ही भरा! पूर्ण दीड हजार तुमच्या वाट्यातून कापणार!”

“मग पुढच्या महिन्यापासून तसा नियम करा,” सर अगदी पडेल चेहऱ्याने म्हणाले.

“पुढच्या कशाला? याच महिन्यापासून! जो सवलत देईल, त्याच्या वाट्यातून जाईल. मग तो कुणीही असो!” आणि नवा नियम सुचला की लगेच स्टाफच्या ग्रुपवर टाकायची मालकाची खोडच. तिथल्या तिथे टाकला. खाली दोन अंगठेही आले. एक सरांचा.

ताई तोवर कॅल्क्युलेटर घेऊन बसली होती. चेहरा साळसूद, पण ओठ थरथरत होते. “म्हणजे साहेब, सवलत ज्याची त्याने भरायची, तर वाटा आधी पूर्ण साठ हजारांवर. सरांचे छत्तीस, त्यातून त्यांच्या सवलतीचे दीड हजार गेले. उरले साडेचौतीस हजार.”

“बरोबर!” मालक म्हणाला.

“आणि क्लासचे चोवीस हजार. त्यातून तुमच्या सवलतींचे बारा हजार गेले. उरले बारा.”

मालकाने तीनदा कॅल्क्युलेटर मारून पाहिला. तिन्ही वेळा बारा. सवलती काढाव्यात तर पालकांना स्वतःच्या तोंडाने कबूल केलेल्या. भाच्याला काढावं तर बहीण दारात. नियम मागे घ्यावा तर सगळ्या स्टाफने वाचलेला, आणि वाट्यावरच शिकवणाऱ्या विज्ञानाच्या मॅडम तर नाचतच आल्या, “माझापण हिशोब असाच ना?” मालक मटकन खुर्चीत बसला. सरांना क्षणभर त्याची दया आली. क्षणभरच.

हातात साडेचौतीस हजार पडले. घरी आल्यावर बायकोने नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि हसू दाबत म्हणाली, “आता दादाला काय सांगू? त्याने खुर्ची घेऊन ठेवलीय.”

“सांग, खुर्ची त्याने हौसेने घेतली,” सर पाय पसरून म्हणाले, “तेव्हा जाऊ दे तीपण त्याच्याच वाट्यातून.”