करिष्माचा थर्मास

सकाळी आठ: जळगाव जामोदच्या स्टँडवर माझ्या आणि माझ्या धाकट्या जावेच्या, करिष्माच्या, टपरीवरची कॉफी सारखीच लागते.

दहा: माझी कडू. गिऱ्हाईक तिच्याकडे. माझा जळफळाट.

तिचा थर्मास पाहून मीही एक आणला, दहाची कॉफी त्यात ओतली. तरी कडूच!

शेवटी तिच्या टपरीवर गेले. "काऊन व, माह्या कॉफीले नजर लावली का?"

"नजर नाही बाई, आच. मशीनच्या गरम प्लेटवर तासन्‌तास ठेवता. वास उडते, पाणी आटते, कॉफी कडू होते. बिघडल्यावर थर्मास काय करन? गरम पाण्यानं विसळून ताजीच भरा, झाकण लावा. तरी दोन तासांत संपवा."

दुसऱ्या दिवशी तसंच केलं. दहाला शेषराव कंडक्टर प्याले. "वा! अगदी करिष्मासारखी!"

पुन्हा जळले.