मूर्धन्याची खूण

मी कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचं माप पाठवतात, मी त्यात प्लास्टर ओततो आणि त्या साच्यावर दात बसवतो. माझी बायको नोकरीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना मराठी व्याकरण शिकवायची. आमच्या धंद्यांचा एकमेकांशी काही संबंध यावा असं कुणाला वाटलं नसतं, पण दोघांचंही सगळं तोंडातच चालायचं.

एकदा ती चिडून घरी आली. सराव परीक्षेत प्रश्न होता, मूर्धन्य वर्णांचा गट ओळखा. निम्म्या वर्गाने ट, ठ, ड, ढ सोडून त, थ, द, ध वर खूण केली होती.

"कंठ, तालू, मूर्धा, दात, ओठ, असं पोपटासारखं म्हणून दाखवतात हो," ती म्हणाली. "पण मूर्धा कुठे आहे विचारलं की डोक्यावर हात ठेवतात. जीभ कुठे लागते ते यांना दाखवायचं कसं? तोंडात दिवा लावून?"

मी म्हणालो, "आ कर."

तिच्या वरच्या टाळूचं माप घेतलं आणि नखासारखी पातळ काळी प्लेट करून दिली. दातांच्या मागून टाळूला चिकटून बसेल अशी. तिच्यावर खडूची पूड भुरभुरवायची, तोंडात बसवायची, एकच वर्ण आ लावून म्हणायचा आणि प्लेट काढून बघायची. जीभ जिथे टेकली तिथली पूड पुसलेली असते. 'ता' म्हटलं की दातांलगतची कड काळी दिसते. 'टा'ला जिभेचं टोक वर वळतं, म्हणून काळा पट्टा मागे सरकतो आणि दोन्ही बाजूंनाही पूड पुसली जाते; हीच मूर्धन्याची खूण. 'का' म्हटलं तर जीभ प्लेटच्याही मागे टेकते, प्लेट जवळजवळ कोरीच येते. 'पा'लाही कोरीच, पण तिथे ओठ मिटलेले दिसतात.

"आयुष्यभर खडू खाल्लाच आहे," ती म्हणाली, "आता मुलांच्या देखत खाईन."

मुलं खूश झाली. आणि आमच्या घरी एक खेळ सुरू झाला. वर्गात दाखवलेली शेवटची खूण ती न पुसता डबीत घालून आणायची. चहा झाला की डबी माझ्यापुढे सरकवायची. "ओळखा."

मी प्लेट खिडकीशी नेऊन बघायचो. "दंत्य."

"अर्धा गुण. वर्ण कोणता?"

"थ."

"द. काय हो, धंदा दातांचा आणि दंत्यात नापास?"

खुणेवरून त, थ, द कळायला मार्गच नाही, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी ती विचारायची. वर्षानुवर्षं विचारलं. कधी बरोबर आलं तर म्हणायची, "कॉपी केली असणार."

त्या दिवशी ती वर्गावरून आली, डबी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "जरा पडते, मग खेळू." जेवायला उठली नाही. मी पांघरूण घातलं. ती झोपेतच गेली.

माणसं आली, गेली. डबी मी कपाटात ठेवली होती. घर रिकामं झाल्यावर उघडली. खूण जशीच्या तशी होती. मागे सरकलेला पट्टा, तिथली पूड नीट पुसलेली. मूर्धन्य. अर्धा गुण माझा झाला होता. उरलेला अर्धा देणारं कुणी नव्हतं.

मला तो वर्ण हवा होता. का, ते सांगता येत नाही. तिने मला घातलेला प्रश्न होता आणि तो तसाच पडून होता. कामाला बसलो की तोच डोक्यात. एका म्हातारबुवांच्या कवळीत सुळे उलटे बसवले मी. डॉक्टरांचा फोन आला, "मालक, कुणाचा तरी सासरा आहे तो, त्याला वाघ नका करू."

तिचा वर्ग आमच्या मुलीने घेतला. तीही मराठीच शिकवते. महिन्याभराने ती घरालगतच्या माझ्या कारखान्यात आली आणि स्टूल ओढून बसली.

"बाबा, परत तेच. ट आणि त एकाच गटात घालतात. परीक्षा तोंडावर आलीये. आईची ती प्लेट द्याल?"

"ती तुला बसणार नाही. तुझी टाळू माझ्यासारखी आहे, उंच."

"मग मला दुसरी करून द्या."

"देतो. पण पहिल्यांदा ती माझ्यासमोर वापरायची."

मी कपाटातली डबी आणली आणि उघडून तिच्यापुढे ठेवली. तिने वाकून पाहिलं. हात लावला नाही.

"आईची शेवटची?"

"हो. वर्ण कोणता ते ठरवायचंय."

दोन दिवसांत तिची प्लेट झाली. दुपारी दार लावून बसलो. ती पूड लावायची, वर्ण म्हणायची, प्लेट माझ्या हातात द्यायची. मी भिंगातून दोन्ही प्लेटी शेजारी धरून बघायचो. टा, ठा, डा, ढा, णा. सगळ्यांची खूण तिच्या आईच्या खुणेसारखी.

"र आणि ष पण मूर्धन्यच," मी म्हणालो.

"पुस्तकात, हो. पण त्यांत जीभ वाट पूर्ण अडवत नाही. हिच्यावर बघा, पट्टा अखंड आहे."

"आणि ळ?"

तिने 'ळा' म्हटलं. मधली पूड पुसली गेली, पण बाजूंची तशीच राहिली.

"ळ नाही," ती म्हणाली. "ळ म्हणताना हवा बाजूने जाते, तिथे जीभ टेकत नाही. आईच्या प्लेटच्या बाजू काळ्या आहेत."

सहाचे पाच झाले. मला केवढा आनंद झाला. वाटलं, असंच एकेक गाळत जाऊ.

"आता पुढे?" मी विचारलं.

तिने तोंड पुसलं. "पुढे नाही, बाबा. ट, ठ, ड, ढ, ण यांची जागा एकच. श्वास किती, आवाज घुमतो का, नाकातून जातो का, हे प्लेटवर उमटत नाही."

"मुलांना विचार. त्यांनी ऐकलं असेल."

तिला ते जड जात होतं. पण तिने दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं आणि संध्याकाळी स्वतः घरी आली. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरच दिसलं.

"त्या दिवशी चाचणी होती. आई फळ्याकडे तोंड करून आवाज न काढता वर्ण म्हणायची, प्लेट काढून वर्गात फिरवायची आणि मुलांनी फक्त गट लिहायचा. आवाज ऐकून लिहितात म्हणून तिने तसं केलं होतं. कुणीच ऐकलं नाही, बाबा."

"आणि त्या शेवटच्या खुणेला मुलांनी काय लिहिलं?"

"मूर्धन्य. सगळ्यांनी. पहिल्यांदाच सगळ्यांचं बरोबर आलं. आई टाळ्या वाजवत होती म्हणे."

हे मला माहीत नव्हतं. ती खुशीत घरी आली होती, दमून.

मुलीने माझ्यासाठी पोळ्या केल्या, डबा भरून ठेवला आणि ती तिच्या घरी गेली. मी खिडकीशी खुर्ची ओढली. बाहेर कुणीतरी सायकलच्या चाकात हवा भरत होतं. मी डबी उघडली नाही.

मी म्हणायला लागलो. टा. जिभेचं टोक वर जाऊन टाळूला टेकलं. ठा. तिथेच. डा. ढा. णा. सावकाश म्हटलं, प्रत्येकानंतर थोडं थांबत. माझा आवाज रिकाम्या घरात चमत्कारिक वाटत होता, म्हणून पुन्हा म्हटलं, आणखी हळू. या पाचांतला एक तिचा होता. कोणता ते कळणार नव्हतं, पण पाचही म्हटले की तो सुटत नव्हता. प्रत्येक वेळी जीभ तिथेच जात होती, जिथे तिची गेली होती.