डोकं एकाचं, पाय दुसऱ्याचे

शाळा दुपारीच सुटली होती आणि घराची किल्ली मावशीकडे, म्हणून मी तिच्या ऑफिसात जाऊन बसले. पंप बनवणाऱ्या कारखान्याचं ऑफिस. खाली यंत्रांची घरघर, वर चार टेबलं आणि सतत गरम असणारा एक प्रिंटर. मावशी तिथे पत्रं टाइप करायची, कच्च्या नोकरीवर. पक्कं करायचं की घरी पाठवायचं, हे ऑफिस सांभाळणाऱ्या मोठ्या बाई त्याच संध्याकाळी ठरवणार होत्या.

मी पोचले तेव्हा मोठ्या बाई मावशीच्या टेबलाशीच उभ्या होत्या. बाहेर जाणारं प्रत्येक पत्र त्यांच्या नजरेखालून जायचं. त्यांनी एक पत्र पुढे सरकवलं. खाली लाल गोल.

"अहो, परत तेच! डोकं एकाचं, पाय दुसऱ्याचे. वर माणसाचं नाव आणि खाली युवर्स फेथफुली? नावानं हाक मारली की खाली युवर्स सिन्सिअरली. डिअर सर म्हटलं, तरच फेथफुली. एवढं साधं आहे."

"हो बाई," मावशी म्हणाली. बाई गेल्या.

मला राहवेना. हे तर आमच्याकडून शाळेत घोकून घेतलंय! "मावशी, तुला येत नाही हे?"

"येतं गं. वर बघ की."

बघितलं. टाइप केलेल्या 'डिअर सर'मधल्या 'सर'वर काट आणि शेजारी निळ्या शाईत गिऱ्हाइकाचं नाव. ते अक्षर विक्री बघणाऱ्या साहेबांचं. ऑफिसात त्यांना सगळे घाईसाहेब म्हणायचे, अर्थात पाठीमागे. पत्र टाइप होऊन समोर आलं की त्यांना आठवायचं, अरे, हा तर आपल्या ओळखीचा! मग नाव लिही, सही ठोक, फाइलमध्ये टाक. फाइल थेट बाईंकडे; पण बाईंना वाटायचं, ती मावशीच्या हातून येते.

"मग सांग ना बाईंना!"

"सांगितलं असतं. पण चार महिन्यांपूर्वी आलेली पोरगी पंधरा वर्षं इथे असलेल्या माणसाची चुगली करते, असं झालं असतं."

"मग सगळीकडे सिन्सिअरलीच टाइप कर. कटकट मिटली."

"आणि ज्याचं नाव त्यांना माहीत नसेल, त्याला डिअर सर आणि सिन्सिअरली? म्हणजे रोग तोच, फक्त दुसऱ्या अंगाला."

माझी हुशारी तिथेच संपली.

मावशीनं घाईसाहेबांना फोन लावून कुणाकुणाचं नाव घालायचं ते विचारलं. "अहो, पत्र समोर आल्याशिवाय मला काही सुचत नाही!" एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

मग मावशीनं संध्याकाळच्या सगळ्या पत्रांतून मायना काढून टाकला आणि सहीच्या वरची ओळही. तिथे नुसती मोकळी जागा.

"प्रिंटर बिघडला काय हो?" पलीकडचे हिशेबनीस मान लांब करून म्हणाले.

"नाही, पत्रं हजामतीला बसलीत," मावशी म्हणाली आणि गठ्ठा घेऊन उठली. मी मागोमाग.

घाईसाहेबांनी पहिलं पत्र उलटसुलट केलं. "हे काय? ना शेंडा ना बुडखा!"

"साहेब, वरचं नाव तुम्ही हातानं लिहिता ते छान दिसतं. मग खालचंही हातानंच लिहा. दोन्ही एकाच शाईत."

साहेब खूश. नाव सपकन लिहिलं आणि खाली येऊन पेन थबकलं. मी ओठ गच्च मिटले.

"खाली काय घालायचं?"

"नाव लिहिलंत ना, मग सिन्सिअरली."

पाच-सहा पत्रं धडाधड झाली. पुढचं एका सरकारी खात्याला होतं. त्यांनी वर डिअर सर लिहिलं आणि हाताच्या ओघात खाली सिन्सिअरली. मावशीनं त्याच पत्राची दुसरी प्रत पुढे ठेवली.

"आता काय झालं?"

"यांचं नाव आपल्याला माहीत नाही, साहेब. इथे फेथफुली."

त्यांनी वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं. पेन हवेतच.

"म्हणजे बाई रोज लाल गोल काढतात तो याचाच?"

"हो."

"मग आधी का नाही बोललात?"

मावशीनं दुसरी प्रत आणखी थोडी पुढे सरकवली. साहेबांनी दुसऱ्या प्रतीवर सावकाश फेथफुली लिहिलं, सही केली आणि फाइल स्वतः उचलून बाईंच्या खोलीत गेले. काचेतून दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. ते एकदा आमच्याकडे बोट दाखवत होते, एकदा स्वतःकडे. मावशी टेबलावरच्या टाचण्या डबीत भरत होती आणि अर्ध्या बाहेर पडत होत्या.

बाईंनी दार उघडलं. "उद्यापासून साहेब नावं आधी देतील, तुम्ही दोन्ही ओळी टाइप करायच्या. हातानं लिहिलेली पत्रं मला आवडत नाहीत. आणि पक्केपणाचं पत्र सोमवारी घेऊन जा."

"हो बाई," मावशी म्हणाली, अगदी दुपारच्याच आवाजात.

बाहेर रस्त्यावर आल्यावर मी तिला मिठीच मारली. ती म्हणाली, "अगं हळू, लोक बघतायत," आणि मग तिनंच मला इतकं घट्ट धरलं की माझं दप्तर खाली पडलं.